खोक्यावरचे आठ तास, लोकलमधले पाच

इअरबड्सच्या खोक्यावर छापलेले तास खोटे नसतात, पण ते ठरावीक परिस्थितीत मोजलेले असतात. ॲपलने एअरपॉड्स प्रोच्या चाचणीबद्दल बारीक अक्षरांत दिलेली माहिती याचा चांगला नमुना आहे: आवाज ५० टक्क्यांवर ठेवून, पूर्ण चार्ज केलेल्या इअरबड्सवर गाण्यांची यादी सलग वाजवली जाते आणि दोहोंपैकी पहिला इअरबड बंद पडला की मोजणी थांबते. (‘एकूण तीस तास’ अशा दाव्यात मात्र केसने पुन्हा पुन्हा दिलेले चार्जिंगही धरलेले असते.)

सोनीच्या WF-1000XM5 या जोडीसाठी कंपनी नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबण्याची सोय, बंद असताना १२ तास आणि चालू असताना ८ तास सांगते. हिशेब सोपा जावा म्हणून बॅटरी ६० मिलिअँपिअर-तासांची आहे असे मानू. मग पहिल्या स्थितीत सरासरी ५ आणि दुसऱ्या स्थितीत ७.५ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. मधले २.५ मिलिअँपिअर जातात ते बाहेरचा आणि कानातला आवाज सतत ऐकणारे मायक्रोफोन, त्या आवाजाची उलट लहर क्षणार्धात तयार करणारी चिप आणि ती लहर वाजवणारा इवलासा स्पीकर यांच्यावर. गाणे थांबवले तरी हे काम थांबत नाही.

आता ठाणे-वाशी लोकलचा डबा घ्या. चाकांची घरघर आणि उघड्या दारातून येणारा वारा यांवर मात करायला प्रवासी आवाज वाढवतो. आवाज १० डेसिबलने वाढवायचा तर स्पीकरला दहापट शक्ती द्यावी लागते, मग कानाला तो जेमतेम दुप्पट वाटला तरी. आधीच्या ५ मिलिअँपिअरपैकी स्पीकरचा वाटा केवळ ०.५ होता असे मानले (उरलेला ब्लूटूथ आणि चिपचा, जो आवाजाबरोबर फारसा बदलत नाही), तर तो आता ५ होईल. नॉइज कॅन्सलिंग चालू असल्यास एकूण प्रवाह १२ मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम ५ तास. म्हणूनच मंद आवाज एक-दोन टप्पे वाढवल्याने बॅटरीला फरक जाणवत नाही, आणि वरच्या टोकाशी तेवढेच टप्पे महाग पडतात.

याच हिशेबातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. नॉइज कॅन्सलिंग बंद ठेवून आवाज १० डेसिबल चढवला, तर ९.५ मिलिअँपिअर लागतात आणि बॅटरी सव्वासहा तासांच्या आसपास संपते. ते चालू ठेवून आवाज निम्म्यावरच राहू दिला, तर ८ तास मिळतात. लोकलमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी ते बंद करणे त्यामुळे अनेकदा तोट्याचे ठरते.

आपली जोडी दाव्यापासून किती दूर आहे, हे घरी शांत खोलीत, निम्म्या आवाजावर, दोन्ही इअरबड्स पूर्ण चार्ज करून पाहता येते. तिथेही तास बरेच कमी भरले, तर दोष लोकलचा किंवा आवाजाचा नसून बहुधा जुन्या झालेल्या बॅटरीचा असतो.