कंपनीच ऑनलाइन विकायला लागली तेव्हा डीलरचं काय झालं

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात फवारणी पंप नाहीतर पाण्याच्या मोटरी विकणाऱ्या कुठल्याही दुकानात जरा वेळ बसा, एक तरी गिऱ्हाईक मोबाईल पुढं धरणारच, "इथं 2,549 दाखवतंय की, तुम्ही 2,800 कसं सांगताय?" पूर्वी असं कुणी म्हटलं की डीलर म्हणायचा तो माल डुप्लिकेट असतो, आता तसं म्हणता येत नाही कारण खाली विक्रेता म्हणून खुद्द कंपनीचंच नाव असतं, त्याच कंपनीचं जिचा बोर्ड ह्याच्या दुकानावर लागलाय आणि जिचे चाळीस नग मागं गोडाऊनला पडलेत. हे भांडण एका रात्रीत झालेलं नाही, त्याला मागं बरंच काही आहे.

सुरुवात डीलर मुळात कशाला लागला इथून करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावातच सायकलीचं दुकान काढलं, पुढं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर, आणि मग 1910 ला ते किर्लोस्करवाडीला गेले हे आपल्याकडं सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण त्या नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळत नव्हतं, लोखंडानं जमीन बिघडते असं शेतकऱ्यांना वाटायचं, हा भाग कमी सांगितला जातो. यंत्र बनवणं एक आणि ते शेतकऱ्याच्या गळी उतरवणं दुसरं. ते दुसरं काम पुढं गावोगावच्या दुकानदारांनी केलं, म्हणजे वस्तू चालवून दाखवायची, ऊस गेल्यावर पैसे द्या म्हणून उधारी सोसायची, वॉशर गेला की तो काउंटरवर मिळाला पाहिजे हे बघायचं. डीलरचं मार्जिन म्हणजे या कामांची मजुरी, नुसती वस्तू इकडून तिकडं देण्याची नव्हे. ऑनलाइनवाला यातलं काहीच करत नाही म्हणून त्याला स्वस्त परवडतं, आणि गिऱ्हाईक वस्तू दुकानात हाताळून बघून ऑर्डर मोबाईलवर देतं, तिथं डीलरचं डोकं फिरतं.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे, टॅक्सचा. जीएसटीच्या आधी निपाणीच्या दुकानदारानं कोल्हापूरच्या स्टॉकिस्टकडनं माल आणला तर त्याच्यावर 2 टक्के सीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातनं आणलेल्या मालावरचा केंद्रीय विक्रीकर, बसायचा, त्याची वजावट मिळायची नाही, त्या कमी दरासाठी सी फॉर्म द्यायचा आणि वर कोगनोळीच्या चेकपोस्टवर कागद दाखवत उभं राहायचं. त्यामुळं कोल्हापूर एवढं जवळ असून माल यायचा हुबळी नाहीतर बेंगळुरूच्या डेपोतनं. कंपन्यांना हे बरंच होतं, कारण कर्नाटकाचा रेट वेगळा, महाराष्ट्राची स्कीम वेगळी, आणि दोन्हीमध्ये टॅक्सचीच भिंत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, चेकपोस्ट उठले, दुसऱ्या राज्यातनं आणलेल्या मालावरच्या जीएसटीचं, म्हणजे आयजीएसटीचं, क्रेडिट मिळायला लागलं आणि ती भिंत पडली. माझ्या मते आपल्याकडच्या डीलरला ऑनलाइनच्या आधी पहिला धक्का हा बसला, तेव्हा कुणी त्याला नाव दिलं नाही एवढंच.

ऑनलाइनचं म्हणाल तर फ्लिपकार्ट 2007 ला पुस्तकं विकत सुरू झालं, अॅमेझॉन इकडं 2013 ला आलं, आणि 6 ऑक्टोबर 2014 च्या बिग बिलियन डे नंतर दुकानदारांच्या तक्रारी कंपन्यांच्या हेड ऑफिसपर्यंत जायला लागल्या. तेव्हा बहुतेक कंपन्या स्वतः ऑनलाइन नव्हत्या, त्यांचाच कुठला तरी स्टॉकिस्ट टार्गेट पुरं करायला जास्तीचा माल उचलून ऑनलाइन विक्रेत्याच्या गळ्यात घालत होता. कंपन्यांचं पहिलं हत्यार होतं वॉरंटी. अधिकृत डीलरकडनं घेतलं तरच वॉरंटी, नाहीतर नाही, अशा नोटिसा निघाल्या. स्वयंपाकघरातली धुराची चिमणी बनवणाऱ्या कॅफ कंपनीनं स्नॅपडीलवरच्या मालाबद्दल अशीच नोटीस लावली, स्नॅपडील स्पर्धा आयोगाकडं गेलं, आयोगाला 2014 च्या डिसेंबरात प्रथमदर्शनी दम वाटला म्हणून चौकशी लागली आणि 2019 च्या जानेवारीत प्रकरण बंद झालं, कंपनीवर काही शाबीत झालं नाही. म्हणजे कायद्यानं कंपनी वाचली, पण बाजारात ही युक्ती चालली नाही. कारण माल खरा असतो, गिऱ्हाईकाकडं बिल असतं, आणि तो बिघडलेला पंप घेऊन शेवटी गावातल्याच डीलरकडं येतो. डीलर नाही म्हणाला की शिव्या ब्रँडला पडतात, हो म्हणाला की दुसऱ्यानं विकलेल्या मालाची फुकट सर्व्हिस.

दुसरं हत्यार एमओपी, म्हणजे बाजारात ज्या भावाला विकायचं ठरलंय तो भाव. एमआरपी 4,500, डीलरला 2,400, एमओपी 2,800, त्याच्या खाली कुणी विकायचं नाही. ऐकायला छान वाटतं, पण विक्रेत्यानं पुढं कुठल्या भावाला विकावं हे बांधून घालणं, त्यानं स्पर्धेला धक्का बसत असेल तर, स्पर्धा कायद्याच्या कलम 3(4) प्रमाणं चालत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये डीलरांच्या डिस्काउंटवर लगाम घातला म्हणून मारुतीला आयोगानं 200 कोटींचा दंड लावला, तो आदेश पुढं अपिलात गेला ते सोडा, पण त्यानंतर 'हा भाव पाळा नाहीतर माल बंद' असं मेलवर लिहायला सेल्सवाले घाबरायला लागले. कंपनीला भाव सुचवता येतो, तो पाळला नाही म्हणून डीलरला दंड करणं अवघड. आणि खरं सांगायचं तर कंपनी स्वतःच सेलमध्ये एमओपी मोडते तिथं डीलरला कोण सांगणार?

तिसरं म्हणजे वेगळं मॉडेल. त्याच पंपाला ऑनलाइनसाठी वेगळा नंबर, वेगळा रंग, जमलं तर बॅटरी थोडी लहान. यामागंही कायद्याचं कारण आहे, 2018 पासून एकाच पॅकबंद वस्तूवर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापता येत नाहीत, त्यामुळं दुकानाचा आणि ऑनलाइनचा भाव वेगळा ठेवायचा तर वस्तूच वेगळी करावी लागते. मिक्सर, टीव्हीत हे बऱ्यापैकी चाललं. शेतीच्या मालात कमी चाललं, कारण शेतकरी बॅटरी किती अँपिअरची ते बघतोच आणि स्पेअर दोन्हीला एकच लागतात, महिन्याभरात सगळ्यांना कळतं की हे तेच आहे.

मग उरतं ते पैशाचं गणित, आणि इथं जरा थांबू, कारण भांडण मिटतं नाहीतर पेटतं ते इथंच. वरचाच 16 लिटरचा बॅटरी पंप घ्या, आकडे उदाहरणाचे आहेत आणि जीएसटी बाजूला ठेवलाय. कंपनी ऑनलाइन 2,549 ला विकते तेव्हा प्लॅटफॉर्मचं कमिशन, कुरिअर, परत आलेल्या मालाचा खर्च असे समजा 450 गेले, हातात 2,099. म्हणजे डीलरला 2,400 ला देऊन जेवढे मिळाले असते त्यापेक्षा 301 कमी! डीलरला वाटतं कंपनी आपलं मार्जिन खातेय, प्रत्यक्षात बऱ्याचदा कंपनी तोटा सोसून वर्षअखेरचा आकडा गाठत असते नाहीतर जुना स्टॉक काढत असते. सेलच्या आठवड्यात तोच पंप 2,299 ला आला की डीलरच्या खरेदीच्याही खाली गेला. त्याच्याकडं चाळीस नग पडलेत. त्याला 2,299 लाच विकून नगामागं 200 सुटायचे तर खरेदी 2,099 पडायला पाहिजे, फरक 301, चाळीस नगांचे 12,040. एवढ्याची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढे पैसे डीलरच्या खात्यात जमा, कंपनीनं दिली तर डीलर गप्प बसतो, नाही दिली तर तो पुढच्या महिन्यात ऑर्डरच देत नाही आणि गिऱ्हाईकाला दुसऱ्या ब्रँडकडं वळवतो, आणि हे दुसरं कंपनीला सहा महिने कळतसुद्धा नाही. भाव पडल्यावर अशी फरकाची भरपाई देण्याला प्राइस प्रोटेक्शन म्हणतात.

यात चोरीला जागा आहे, दोन्ही बाजूंनी. डीलर विकलेला माल शिल्लक दाखवतो, म्हणून कंपनी शेवटच्या 45 किंवा 60 दिवसांत बिल झालेलेच नग धरते आणि सिरीयल नंबर मागते. वॉरंटी रजिस्टर झालेला नंबर डीलरच्या शिल्लक यादीत आला की लगेच सापडतं. पण जे डीलर वॉरंटी कार्ड भरतच नाहीत, आपल्याकडं ते कमी नाहीत, त्यांचं काही कळत नाही. उलट बाजूला कंपनी 'हा भाव आमचा नाही, कुठल्यातरी विक्रेत्याचा आहे' म्हणून हात वर करते. तेव्हा एक नग ऑनलाइन मागवून त्याचा सिरीयल नंबर कंपनीच्या सेल्सवाल्याकडं द्यायचा, तो नंबर कुणाच्या नावे बिल झाला ते त्यांच्या सिस्टिमला दिसतं, भिवंडीच्या स्टॉकिस्टचा निघाला तर गळती तिकडनं, कंपनीच्याच गोडाऊनचा निघाला तर मग बोलायला काही उरत नाही. एवढं सोपं काम आहे पण डीलर संघटना निवेदनं देत बसतात आणि हे कुणी करत नाही.

अलीकडं काही कंपन्या पिनकोडवर कमिशन द्यायला लागल्यात. निपाणीच्या 591237 पिनवर ऑनलाइन ऑर्डर गेली की तिथल्या डीलरला ठरलेले टक्के, त्याबदल्यात पहिली सर्व्हिस त्यानं करायची. विहिरीवरच्या मोटरीला हे शोभतं, फिटिंगला माणूस लागतोच. फवारणी पंपाला फिटिंग नसतं, तिथं कमिशन म्हणजे डीलरला गप्प बसवायचे पैसे, आणि असले पैसे पहिल्या मंदीत बंद होतात.

सीमेवर याचा घोळ वेगळाच. मुलगा पुण्यात, बिल पुण्याच्या पत्त्यावर, पंप उतरतो चिकोडी तालुक्यात, कमिशन कुणाला? कागलचा डीलर महाराष्ट्र ब्रँचचा, निपाणीचा हुबळी ब्रँचचा, गिऱ्हाईक दोघांचं एकच, आणि दोन ब्रँचचे मॅनेजर एकमेकांचा फोन उचलत नाहीत. निपाणीतल्या एका डीलरनं मला सांगितलं, "सर, कमिशन नको, माल उतरला त्या पिनवर हिशोब धरा आणि सेल लावायच्या पंधरा दिवस आधी सांगा, एवढं लिहून द्या, मी तेवढ्या दिवसांत नग कमी करतो की." डीलरशिपच्या करारात ही दोन वाक्यं घालायला कंपनीला काही खर्च येत नाही. सेलची तारीख आधी फुटली तर दुसरा ब्रँड त्याच दिवशी भाव पाडेल ही त्यांची भीती खोटी नाही, म्हणून पंधराचे पाच दिवस होतात, आणि पाच दिवसांत चाळीस नग संपत नाहीत.