एकदा छेडलेली तार, चार सूर

गिटारवर मालकंसातला ‘ग म ग सा’ हा तुकडा वाजवायचा आहे. गंधार अर्थातच कोमल. ए हा षड्ज धरला तर हे सगळे सूर एकट्या जी तारेवर, म्हणजे बारीक तारेकडून मोजली तर तिसऱ्या तारेवर मिळतात: पाचवी फ्रेट, सातवी, पुन्हा पाचवी आणि शेवटी दुसरी. चार वेळा पिक मारली तर चारही सूर वाजतील, पण सुटे सुटे. उजव्या हाताने फक्त पहिला सूर छेडला आणि पुढचे तीन डाव्या हाताने काढले, तर तुकडा सलग येतो. टॅबमध्ये तो असा लिहितात:

```
G|--5h7p5\2--|
```

इथे `h` म्हणजे हॅमर ऑन, `p` म्हणजे पुल ऑफ आणि तिरकी रेघ म्हणजे खाली येणारी स्लाइड. सतारीवरचं कृंतन आणि घसीट ऐकलेल्यांना यातली कल्पना ओळखीची वाटेल. अडचण एवढीच, की सुरुवातीला चारही सूर चार वेगवेगळ्या आवाजांत येतात: पहिला दणदणीत, दुसरा दबका, तिसरा चिरका आणि चौथा जवळजवळ गायब. प्रत्येक सुराला ताकद कुठून मिळते हे पाहिलं की असं का होतं ते कळतं.

पिक तार बाजूला खेचून सोडते, म्हणून पहिल्या सुराला भरपूर ऊर्जा मिळते. तर्जनी पाचव्या फ्रेटवर असताना कंप पावणारी तार साधारण ४८५ मिलिमीटर लांब असते (पूर्ण तार ६४८ मिलिमीटरची धरली आहे, बऱ्याच इलेक्ट्रिक गिटारींवर हेच माप असतं). आता हॅमर ऑन: अनामिका सातव्या फ्रेटवर आदळते आणि तार ४३२ मिलिमीटरवर आखूड होते. या नव्या सुराला दोन ठिकाणांहून ऊर्जा मिळते: तारेत आधीच उरलेला कंप आणि बोटाचा फटका. फटक्याचा वाटा लहान असतो, कारण पाचवी फ्रेट दाबलेली असताना सातवीवर तार आणि धातू यांत एक मिलिमीटरचंही अंतर नसतं. तेवढ्या अंतरात तार फारशी हलत नाही, म्हणून इथे जोरापेक्षा वेग कामाला येतो.

बोट हळू टेकलं तर घोटाळा होतो. बोटाचं मऊ मांस तारेला लागतं, पण तार अजून फ्रेटला लागलेली नसते. त्या क्षणभरात मांस कंप पिऊन टाकतं आणि सुराऐवजी ‘ठप’ असा आवाज येतो. तो ऐकू आला की जास्त दाबू नका, बोट लवकर खाली आणा. तारेपासून सेंटिमीटरभर उंची पुरे. त्याहून वर उचललेलं बोट जोरात येतं खरं, पण उशिरा येतं. आणि ते पडायला हवं फ्रेटच्या अगदी मागे, धातूला जवळजवळ चिकटून. दोन फ्रेटच्या मध्ये पडलं तर तार धातूवर नीट बसत नाही आणि झरझर आवाज येतो.

पुल ऑफ म्हणजे नुसतं बोट उचलणं, असं बरेच जण समजतात. बोट सरळ वर उचललं तर तारेत जेमतेम उरलेला कंप तेवढा ऐकू येतो. खरं तर अनामिकेने तार जमिनीच्या दिशेने किंचित ओढून सोडायची असते; म्हणजे डाव्या हाताने तार छेडायचीच असते. त्यासाठी तर्जनी पाचव्या फ्रेटवर आधीपासून घट्ट हवी, नाहीतर ओढताना तीही घसरते आणि गंधार चढा लागतो. ट्यूनर लावून ठेवला तर काटा क्षणभर वर उडालेला दिसतो. ओढलेलं बोट शेजारच्या बी तारेला लागून ती वाजली, तर तर्जनी जरा आडवी करून तिच्या खालच्या बाजूने ती तार मुकी ठेवावी.

या सुराचा चिरका बाज मात्र तंत्र चुकल्यामुळेच येतो असं नाही. अनामिका तार सोडते ती पाचव्या फ्रेटपासून ५३ मिलिमीटरवर, म्हणजे ४८५ मिलिमीटर लांबीच्या तारेच्या साधारण नवव्या भागावर. ब्रिजच्या जवळ छेडलेली तार जशी कडक, नाकातल्यासारखी वाजते, तसंच इथे दुसऱ्या टोकाला होतं: वरचे स्वरांश जास्त उठतात. उलट हॅमर ऑनमध्ये पिकचा टोकदार आघात नसतो, म्हणून तो सूर मवाळ. तेव्हा दोन्ही बोटांनी सारखा जोर लावला की सूर सारखे येतील, हा समज सोडून द्यावा. हॅमर ऑन वाटतो त्यापेक्षा चपळ आणि पुल ऑफ वाटतो त्यापेक्षा थोडा सौम्य केला की जोडी जुळते.

आता स्लाइड. तर्जनी पाचवीवरून दुसरीवर, सुमारे ९२ मिलिमीटर, मागे सरकते. वाटेत चौथी आणि तिसरी फ्रेट येते, आणि प्रत्येक फ्रेटवर तार क्षणभर टेकते. म्हणून गिटारची स्लाइड ही मींड नव्हे, जिना आहे. मालकंसात रिषभ वर्ज्य, आणि हा जिना नेमका शुद्ध आणि कोमल अशा दोन्ही रिषभांवरून उतरतो! सवाईच्या मंडपात वर्षानुवर्षं बसलेल्या पुणेकराला ते लगेच खटकेल. सतारीवर मींड एकाच पडद्यावर तार आडवी खेचून घेतात, म्हणून तिथे पायऱ्या नसतात. गिटारवर निदान एवढं करता येतं: गंधाराला त्याचा पूर्ण वेळ द्यायचा, मग झटक्यात सरकायचं आणि षड्जावर वेळेत पोहोचायचं. सावकाश सरकलात तर पायऱ्या मोजता येतील.

वर जाणारी स्लाइड म्हणजे छोट्या छोट्या हॅमर ऑनची माळ असते. खाली येणारी म्हणजे न ओढलेल्या पुल ऑफची. खाली येताना तारेला नवी ऊर्जा जवळजवळ मिळत नाही, म्हणून शेवटचा षड्ज विरतो. त्यावर उपाय आधीच्या सुरात आहे: पुल ऑफ नीट वाजला तरच स्लाइडला पुरेल एवढा कंप शिल्लक राहतो. सरकताना तार वाजेल इतकाच दाब ठेवा. जास्त दाबलं तर बोट प्रत्येक फ्रेटवर अडखळतं, कमी दाबलं तर सूर मध्येच मरतो. नजर बोटावर नको, दुसऱ्या फ्रेटवर हवी.

मेट्रोनोम ६० वर लावा आणि एका ठोक्यात दोन सूर घ्या. आधी चारही सूर पिकने वाजवून फोनवर रेकॉर्ड करा, मग एकदाच छेडून. बहुतेकांचा हॅमर ऑन घाईने, पहिल्या सुराच्या अंगावर येतो, आणि ते वाजवताना कळत नाही. दोन रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली की कळतं. हा सराव अकूस्टिकवर करावा. डिस्टॉर्शन लावलेला अ‍ॅम्प्लिफायर मोठे आवाज दाबतो आणि लहान उचलतो, त्यामुळे कच्चे सूरही सारखे भासतात.

एक दोष हाताचा नसतो. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अकूस्टिक गिटारचं लाकूड फुगतं, वरची फळी किंचित उचलते आणि तारा फ्रेटपासून दूर जातात. मेमध्ये सहज येणारा हॅमर ऑन मग जड होतो. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून जाड ई तारेच्या खालच्या कडेपर्यंत पट्टीने मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक, तीनच्या वर गेलं तर बोटं विनाकारण झगडतात. मात्र त्यासाठी ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, ऑगस्टमध्ये घासून घेऊ नका. एप्रिलच्या कोरड्या हवेत फळी पुन्हा खाली बसते, आणि तेव्हा त्याच तारा फ्रेटवर खरखरायला लागतात.