कॅन्टिलिव्हरची नॅचरल फ्रिक्वेन्सी: टोकाच्या डिफ्लेक्शनवरून अंदाज

एका बाजूनं घट्ट धरलेली आणि दुसऱ्या बाजूनं मोकळी असलेली पट्टी म्हणजे कॅन्टिलिव्हर. ती स्वतःच्या वजनानं टोकाला किती खाली येते एवढं मोजलं, की ती सेकंदाला किती वेळा हलेल हे सांगता येतं, मटेरियल किंवा रुंदी माहीत नसली तरी चालतं. अट एकच, पट्टी सगळीकडं सारखी हवी.

f = 19.6 / √δ

δ म्हणजे टोक जेवढं खाली येतं ते डिफ्लेक्शन, ते मिलिमीटरमध्ये घ्यायचं, उत्तर हर्ट्झमध्ये येतं. पट्टीचा ताठपणा आणि वस्तुमान यांचं जे गुणोत्तर फ्रिक्वेन्सी ठरवतं तेच डिफ्लेक्शनही ठरवतं, म्हणून हे जमतं. स्प्रिंगला टांगलेल्या वजनासाठी हाच आकडा साधारण 15.8 असतो आणि बरेच जण इथंही तोच वापरतात, मग उत्तर जवळजवळ 20 टक्के कमी येतं. कारण पट्टीचं सगळं वजन टोकाला नसतं, बुडाजवळचा भाग जेमतेम हलतो. टोकाला पट्टीपेक्षा बरंच जड काही बसवलं असेल तेव्हा मात्र 15.8 च बरोबर.

आता कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये करता येईल असं उदाहरण बघू. 5 मिमी जाड स्टीलची फ्लॅट पट्टी वाइसमध्ये आडवी धरली आणि 1 मीटर बाहेर ठेवली, तर हिशेबानं टोक साधारण 23 मिमी खाली यायला पाहिजे. 23 चं वर्गमूळ 4.8, म्हणजे फ्रिक्वेन्सी 4.1 हर्ट्झच्या आसपास. एवढं डोळ्यानं मोजणं अवघड, मोबाईलवर स्लो मोशन शूट करून 10 झोके मोजा, जवळपास अडीच सेकंद लागले पाहिजेत.

खरी गडबड होते ती δ मोजताना. पट्टी मुळातच थोडी वाकडी असते, त्यामुळं एकदा मोजून भागत नाही, ती उलटी करून परत धरायची आणि दोन्ही रीडिंगची सरासरी घ्यायची. समजा एकदा 26 आणि उलटल्यावर 20 आलं, तर खरं डिफ्लेक्शन 23 आणि पट्टीतला मूळचा बाक 3 मिमी. पण वाइसच तिरका असेल तर उलटून काही फायदा नाही, कारण 0.2 अंशाचा तिरकेपणा 1 मीटरवर साडेतीन मिमी होतो. तो फ्रिक्वेन्सी बदलत नाही, फक्त रीडिंग बिघडवतो, म्हणून आधी जबड्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून बघावी. वर्गमूळामुळं एवढं आहे की δ मध्ये 10 टक्के चूक झाली तर उत्तरात साधारण 5 टक्केच येते.

हीच पट्टी 25 मिमी रुंद असेल आणि उभी धरली तर टोक 1 मिमीसुद्धा खाली येत नाही, तिथं मोजपट्टीचा उपयोग नाही, डायल गेज लागतो. आणि हा सगळा हिशेब पहिल्या मोडचाच, म्हणजे पूर्ण पट्टी एकाच दिशेनं झुलते त्या सगळ्यात कमी फ्रिक्वेन्सीचा, दुसऱ्या मोडची फ्रिक्वेन्सी त्याच्या सव्वासहा पट असते.