चाळकेवाडीचा वारा आणि व्हिडिओतली घरघर

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर काढलेल्या व्हिडिओत बोलण्यापेक्षा घरघरच जास्त ऐकू येते, आणि बऱ्याच जणांना वाटतं की तो पवनचक्कीचा आवाज आहे. तसं नाहीये. वारा फोनच्या कडेवर आपटतो, तिथं हवेचे भोवरे तयार होतात आणि त्यांचा दाब थेट माईकच्या भोकावर बसतो, म्हणजे ही घरघर फोनपाशीच जन्मते. वाऱ्याकडं पाठ करून फोन अंगाच्या आडोशाला धरा, पवनचक्की तिथंच असते पण घरघर कमी होते. (किल्ल्यावरच्या 'गूढ हुंकाराचे' व्हिडिओ फॉरवर्ड होतात ना, त्यातले बरेचसे हेच असणार.)

मोठे भोवरे सावकाश फिरतात आणि ताकद त्यांच्यातच जास्त, म्हणून घरघरीचा मोठा भाग १००-२०० हर्ट्झच्या खाली असतो. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधला हाय-पास फिल्टर नेमका तोच भाग कापतो. माझ्या मेव्हण्याच्या क्लिपला मी `High-Pass Filter` मध्ये `Frequency` १२० आणि `Roll-off` २४ डीबी ठेवला. याचा अर्थ १२० ला भिंत उभी राहते असं नाही, तिथून उतार सुरू होतो, ६० हर्ट्झला लाटेची उंची साधारण २४ डीबीनं कमी होऊन सोळाव्या हिश्श्यावर येते आणि ३० ला आणखी तेवढाच खाली.

आता गंमत बघा, पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूरच बऱ्याचदा १००-१२० च्या आसपास असतो, मग तो कापल्यावर माणूस बायकी आवाजात बोलायला पाहिजे, पण बोलत नाही. कारण ११० च्या सुरासोबत २२०, ३३०, ४४० असे त्याच्या पटीतले सूरही घशातून निघतात आणि त्यांच्यातलं सारखं अंतर बघून मेंदू गायब ११० स्वतःच भरून काढतो. जुना लँडलाईन फोन ३०० च्या खालचं जवळपास काहीच पोचवत नव्हता, तरी वडिलांचा आवाज ओळखू यायचाच. फक्त २०० च्या वर कापत गेलात तर आवाज पातळ, डब्यातून आल्यासारखा लागतो.

`Noise Reduction` नेहमी यानंतर. बोलणं नसलेला सेकंदभराचा तुकडा निवडून `Get Noise Profile` दाबायचं, मग सगळं सिलेक्ट करून तेच टूल परत उघडायचं आणि `Noise reduction` ६ ते ९ डीबी ठेवायचं. हे टूल एकसारख्या आवाजासाठी आहे, वारा तर झोतानं येतो, त्यामुळं मागं राहिलेली बारीक सळसळच तेवढी कमी होते, आणि जोर लावलात तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं. `Residue` निवडून ऐका, म्हणजे टूल जे काढून टाकतंय तेवढंच ऐकू येतं, त्यात शब्द कळायला लागले म्हणजे तुम्ही आवाजच खाताय. 'एका क्लिकमध्ये स्टुडिओ' वाल्या जाहिराती हे सांगत नाहीत.

मेव्हण्याच्या क्लिपमध्ये एका झोताला लाटेची टोकं सपाट कापली गेलेली, `Show Clipping` चालू केलं की तिथं लाल रेघा दिसतात. अशा कापण्यातून वरच्या पट्टीत, थेट बोलण्याच्या जागेत नवीन खरखर तयार होते, ती हाय-पासच्या हाताबाहेरची. तेवढं वाक्य त्याच्याकडून घरी परत रेकॉर्ड करून घेतलं.