‘निघालोच’ म्हणणाऱ्या मित्राचा वाढदिवस

भुसावळच्या माझ्या एका जिवलग मित्राला गेल्या वर्षी मी वाढदिवसाचा संदेश पाठवला होता : “अभिनंदन भो! आणखी एक वर्ष गेलं. केसही गेले, नोकरी काही येईना.” ग्रुपवर पंधरा-वीस जण हसले. त्याचं उत्तर आलं, नुसते जोडलेले हात. एरवी हा माणूस एका शिवीला तीन शिव्या परत करतो. त्या दिवशी एकही नाही. मी घाईघाईनं “गंमत केली रे” लिहिलं. त्यावर पुन्हा जोडलेले हात.

चूक कुठे झाली हे मला एका जुन्या प्रयोगातून उमगलं. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एकानं काही वाक्यं पाठवायची, त्यातली काही मनापासून, काही उपरोधानं. दुसऱ्यानं कोणतं कसं ते ओळखायचं. काही वाक्यं ईमेलनं गेली, काही आवाजातून. पाठवणाऱ्यांना वाटलं की दोन्हीकडे साधारण 78 टक्के वाक्यं बरोबर ओळखली जातील. आवाजातून 73 टक्के ओळखली गेली, म्हणजे अंदाज फारसा चुकला नाही. ईमेलवर मात्र 56 टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नासच्या आसपास जमलंच असतं! लिहिताना आपलाच मिश्कील सूर आपल्या कानात वाजत असतो आणि तो अक्षरांबरोबर पलीकडे गेला असं आपण धरून चालतो. पलीकडे पोचतात नुसती अक्षरं.

डॅकर केल्टनर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये चिडवण्यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांच्या मते चिडवण्यात दोन गोष्टी एकत्र असतात : एक डिवचणं, आणि सोबत ‘हे खरं धरू नकोस’ असं सांगणारी खूण. समोरासमोर ती खूण आवाज देतो, डोळे देतात, पाठीवरची थाप देते. लिखाणात यातलं काहीच नसतं, त्यामुळे खूण शब्दांतच पेरावी लागते. त्यासाठी सगळ्यात भरवशाची आहे अतिशयोक्ती, तीही अशक्यप्राय. “तू नेहमी उशिरा येतोस” ही तक्रार झाली, कारण ती खरी असू शकते. जे खरं असूच शकत नाही, ते वाचणारा टोमणा म्हणून घेत नाही.

माझ्या ओळीत अतिशयोक्ती नव्हतीच. केस खरंच गेले होते आणि नोकरीसाठी तो खरंच वणवण करत होता. शिवाय दोन्ही गोष्टी त्याच्या हातात नव्हत्या. इमोजी टाकला असता तरी फरक पडला असता असं मला वाटत नाही. तो सूर सांगतो, पण विषय बदलत नाही.

आणखी एक गोष्ट होती, ग्रुप. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940 मध्ये ‘थट्टेच्या नात्यां’वर लिहिलं होतं. काही नात्यांत एकमेकांची खोडी काढायची मुभा असते आणि समोरच्यानं ती मनावर घ्यायची नसते. आपल्याकडे दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी. मैत्रीतही ही मुभा असते, पण ती त्या दोघांपुरती. त्या ग्रुपवर त्याचा साला होता. बायकोच्या भावासमोर नोकरीचा विषय काढायचा परवाना मला कोणी दिला होता?

यंदा वाढदिवस भरीत पार्टीच्या दिवसांत आला. विषय असा निवडला, ज्यावर तो स्वतःच विनोद करतो : त्याचं ‘निघालोच’. हे तो म्हणतो तेव्हा साहेब बहुधा अंघोळीलाही गेलेले नसतात. फक्त त्यालाच पाठवलं :

“डॉक्टरांनी तारीख दिली होती महिनाभर आधीची. हा पोटातून म्हणाला, ‘निघालोच, पाच मिनिटं’. काकूंनी महिना काढला. आज शेतात वांगी भाजून, कुटून, फोडणी देऊन होतील, कळण्याच्या पुऱ्या संपतील, आम्ही जळगावला परत निघू, तेव्हा समोरून याची गाडी येईल. पण बाबांना रात्री दीडला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा भुसावळहून निघून माझ्याआधी दारात उभा होता तो हाच. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भो.”

शेवटचं वाक्य मी गोडवा म्हणून जोडलेलं नाही. ते वरच्या सगळ्या थट्टेला खोटं पाडतं : ज्याला उशिरा येतो म्हणून चिडवलं, तो वेळेला पहिला पोचला होता. “तू मनाचा राजा आहेस” असं काही लिहिलं असतं तर ते कुणालाही चिकटवता आलं असतं, आणि चिडवणं तसंच वर तरंगत राहिलं असतं.

चिडवणं खेळात गेलं की मनात रुतलं हे उत्तरावरून कळतं. खोडी परत आली तर खेळ चालू आहे. एका शब्दाचं ‘थँक्स’ आलं, विशेषतः एरवी भरभरून बोलणाऱ्याकडून, तर ‘गंमत होती’ म्हणू नये, कारण ती गंमत होती हे फक्त आपल्याला माहीत असतं. सरळ फोन लावावा. गेल्या वर्षी मी तो आठवड्यानं लावला होता.

या वेळी दोन मिनिटांत उत्तर आलं : “तुझ्या बापाला वाचवलं ती चूकच झाली. वांगी भाजायला घ्या, निघालोच.”

दोन वाजता आला.