कुकरची शिट्टी ग्राहकापर्यंत का पोचते?

माझी भाची ठाण्याहून घरबसल्या कॉल घेते. संध्याकाळी 6 ते रात्री 3, नऊ तासांची शिफ्ट. गेल्या वर्षी तिने खोक्यावर ‘नॉईज कॅन्सलिंग’ असं ठळक लिहिलेले महागडे इअरबड्स घेतले. ते घातले की तिला पंख्याची घरघर ऐकू येईनाशी व्हायची. समोरच्या ग्राहकाला मात्र पंखा, कुकर आणि हॉलमधली मालिका, सगळं यथासांग ऐकू जात होतं.

यात इअरबड्सची लबाडी नाही. खोक्यावर मिरवलेलं ते तंत्र बहुतेक वेळा घालणाऱ्याच्या कानांसाठी असतं. बाहेरच्या आवाजाच्या नेमकी उलटी लहर कानात सोडून ते तुम्हाला शांतता देतं. तुमच्या माईकमधून पलीकडे काय जातं, हा प्रश्नच वेगळा. आणि त्याचं उत्तर बरंचसं एका साध्या गोष्टीत असतं: माईक तोंडापासून किती दूर आहे.

इअरबडचा माईक कानाशी, म्हणजे ओठांपासून साधारण 12 सेंटीमीटरवर असतो. हेडसेटच्या दांडीवरचा माईक 3 सेंटीमीटरवर येतो. अंतर निम्मं झालं की आपला आवाज माईकला सुमारे 6 डेसिबलने मोठा मिळतो. 12 चे 6 आणि 6 चे 3, असं अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे 12 डेसिबलचा फायदा. कुकर मात्र चार मीटरवर आहे. त्याला या नऊ सेंटीमीटरचा काय फरक पडणार? त्याची शिट्टी दोन्ही माईकना जवळपास सारखीच ऐकू येते. म्हणजे आवाज वाढला तो फक्त भाचीचा.

चांगल्या दांडीच्या माईकला पुढे आणि मागे अशी दोन भोकं असतात. लांबून आलेला आवाज दोन्हीकडून जवळपास सारख्याच जोराने आत शिरतो आणि पडद्यावरचा दाब एकमेकांना खोडतो. जवळच्या तोंडाचा आवाज पुढून जास्त आणि मागून कमी पोचतो, म्हणून तो उरतो. पंख्यासारख्या खर्जातल्या आवाजांवर ही युक्ती छान चालते, तीक्ष्ण आवाजांवर कमी. उरलेली सफाई सॉफ्टवेअर करतं. एकसुरी घरघर ते सहज पुसतं, पण शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याचं बोलणं त्याला जड जातं, कारण तोही माणसाचाच आवाज. म्हणूनच कॉल सेंटरच्या दाटीत दांडीला पर्याय नाही, असं माझं मत आहे. फक्त ती ओठांच्या अगदी समोर नको, कोपऱ्याशी दोन बोटं अंतरावर हवी. नाहीतर प्रत्येक ‘प’ आणि ‘भ’चा फुत्कार माईकवर आदळतो.

विकत घेतल्यावर परतीची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा. मिक्सर चालू ठेवून, कॉलवर असतानाच, ‘सासूबाईंनी शेवग्याच्या शेंगा सोलल्या’ असं म्हणा आणि ते रेकॉर्ड करून ऐका. मिक्सर गेला, पण शब्द पाण्याखालून आल्यासारखे वाटले, तर सॉफ्टवेअर आवाजाबरोबर बोलणंही खातंय. ‘स’ हा ‘फ’सारखा ऐकू आला, तर संशय ब्लूटूथवर घ्या. जुन्या पद्धतीच्या कॉल-जोडणीत सेकंदाला फक्त 8,000 नमुने घेतले जातात, त्यामुळे 4,000 हर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही, आणि ‘स’चा जीव नेमका तिथेच असतो. 16,000 नमुन्यांची जोडणी हेडसेट आणि लॅपटॉप, दोघांनाही जमत असेल तरच उपयोग. गाणी सुरेख वाजतात म्हणून हेडसेट चांगला, हा हिशोब इथे फसतो. माईक चालू झाला की ब्लूटूथ सहसा गाण्यांची जोडणी सोडून कॉलच्या जोडणीवर येतं.

सोयीचं मोजमाप दुकानातल्या पाच मिनिटांत होत नाही. कानाच्या पाळीवर दाबून बसणारी गादी तिसऱ्या तासाला दुखायला लागते, चष्म्याच्या काडीवर तर आधीच. कान पूर्ण झाकणारी गादी दाब वाटून घेते, पण रेक्झिनची असेल तर घाम फोडते. दोन्ही कान बंद असले की आपलाच आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही, माणूस नकळत मोठ्याने बोलतो आणि शिफ्ट संपताना घसा बसतो. यावर ‘साइडटोन’ नावाची सोय असते. ती तुमचाच आवाज थोडासा तुमच्या कानात परत सोडते. घर शांत असेल, तर एका कानाचा हेडसेट हाही चांगला मार्ग.

बॅटरीचे खोक्यावरचे तास बहुधा गाण्यांचे असतात. शोधायचा आकडा ‘टॉक टाइम’चा. भाचीच्या इअरबड्सवर 24 तास लिहिलं होतं, पण ते डबीसकट. एका चार्जवर बोलणं चारच तास, म्हणजे नऊ तासांत दोनदा डबीत ठेवणं आलं. आता तिच्याकडे 15 तास टॉक टाइमचा, दांडीचा हेडसेट आहे. दोनेक वर्षांनी बॅटरीची क्षमता 80 टक्क्यांवर आली, तरी 12 तास उरतील. शिवाय वायर लावून चार्ज होत असतानाही तो चालतो. काही हेडसेट चार्जिंगला लावले की बंद पडतात, तेव्हा हे आधीच विचारून घ्या.