सोंड की दरी? समोच्च रेषेच्या वाकणातला घोळ

रेषा जवळजवळ असल्या तर चढ खडा आणि लांब लांब असल्या तर उतार मंद, हे सातवी-आठवीतलं कोणतंही पोरगं झोपेतून उठवलं तरी सांगतं. गोल गोल रेषा म्हणजे टेकडी, हेही सगळ्यांना येतं. मग चिखलदऱ्याकडच्या सातपुड्याचा नकाशा समोर ठेवायचा, व्हीसारख्या वाकलेल्या चार रेषांवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, इथं नाला आहे की डोंगराची सोंड? अर्धा वर्ग एक म्हणतो, अर्धा दुसरं. बऱ्याचदा गुरुजीही गप्प.

या घोळाचं मूळ वहीत उतरवून दिलेल्या एका वाक्यात आहे: ‘टोकदार व्ही म्हणजे दरी, गोलसर यू म्हणजे सोंड.’ या वाक्याचा मला मनापासून राग आहे. ते नेहमी खोटं असतं असं नाही. वाहतं पाणी जमीन टोकदार कापतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ते जुळूनही येतं. पण आपल्याकडच्या बेसाल्टच्या डोंगरात सोंडा चांगल्या धारदार निघतात आणि नाल्याचा उगम पसरट असतो. तिथं हा नियम भरवशाचा राहत नाही. आकृतीत व्ही सरळ काढलेला, परीक्षेत तोच आडवा आला, तर पोरं नकाशा फिरवत बसतात ते वेगळंच.

वाकण नेमकं का पडतं ते पायानं समजून घ्यावं. गावात पाणलोटाचं काम झालं असेल तर डोंगरउतारावरचे समतल सलग चर पाहिलेलेच असतात. अशा चराची ओळ म्हणजे जमिनीवर आखलेली समोच्च रेषाच. त्या ओळीनं, उंची न बदलता, नाल्याच्या दिशेनं चालत जा. खरा चर नाल्याच्या अलीकडे तोडतात, आपण मात्र पुढे जायचं. समोर नाल्याचा तळ आपल्यापेक्षा खाली आहे आणि आपल्याला तर खाली उतरायचं नाही. म्हणून वळावं लागतं ते उगमाकडे, जिथं तळ चढत चढत आपल्या उंचीला येतो तिथपर्यंत. तिथं नाला ओलांडायचा आणि पलीकडच्या काठानं परत यायचं. सोंडेवर याच्या उलट होतं. उंची राखून तिला वळसा घालायचा तर तिच्या खालच्या, मैदानाकडच्या नाकावरूनच फिरावं लागतं.

हे नुसतं फळ्यावर सांगितलं की हमखास प्रश्न येतो, ‘सर, पाणी तं खाली जाते, मंग रेघ वर काहून गेली?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मातीतच मिळतं.

टेकडी करताना शेतातली निव्वळ काळी माती घेऊ नका. ती वाळताना आकसते, रात्रीतून भेगा पडतात आणि दुसऱ्या दिवशी एकही काप दुसऱ्यावर बसत नाही. कुंभाराकडची माती मिळाली तर उत्तम, नाहीतर काळीत बारीक रेती मिसळा आणि काम त्याच दिवशी उरका. थर्माकोलच्या पायऱ्या चिकटवून केलेल्या टेकड्या प्रदर्शनात शोभतात. पण त्यात रेषा आधी आणि डोंगर नंतर होतो, शिकायला मात्र याच्या उलट क्रम हवा.

उंची साधारण साडेनऊ सेंटिमीटर ठेवा, एका अंगाला सोंड आणि दुसऱ्या अंगाला नाला. गुळगुळीत शंकू केलात तर नुसती वर्तुळं मिळतील, त्यातून काही शिकायला मिळत नाही. नाला पायथ्यापर्यंत उतरत गेला पाहिजे. पोरं मधेच खड्डा करून थांबतात, मग नकाशावर तिथं एक वेगळंच छोटं कडं उमटतं. असं कडं दिसलं की नाल्यात खळगा राहिलाय हे ओळखावं.

आता सायकलचे दोन जुने आरे टेकडीच्या माथ्यातून सरळ उभे खुपसा आणि काढून घ्या. ही भोकं प्रत्येक कापात राहतात, म्हणून कापांची जागा चुकत नाही. दोन्ही बाजूंना दोन सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या, चार-चार, एकावर एक रचा आणि त्यांच्यावर टेकवून ताणलेली तंगूस मातीतून ओढा. वरचा काप निघाला की दोन्हीकडची एक-एक पट्टी काढा आणि पुन्हा कापा. प्रत्येक काप भोकं जुळवून एकाच कागदावर ठेवायचा आणि त्याच्या तळाची कडा पेन्सिलीनं गिरवायची. दोन सेंटिमीटरला २० मीटर धरा, कारण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात सहसा तेवढंच अंतर असतं. पायथा ३०० मीटर मानला तर वरच्या रेषा ३२०, ३४०, ३६० आणि ३८० अशा येतात. नाल्याच्या जागी प्रत्येक रेषा शिखराकडे आत शिरलेली आणि सोंडेच्या जागी बाहेर आलेली स्वतःच्या हातानं गिरवली, की तो मघाचा प्रश्न परत येत नाही.

जोड्या लावायचा खेळ यानंतरचा. बहुतेक ठिकाणी चार टेकड्या आणि चार पूर्ण नकाशे देतात. हा खेळ फारच सोपा होतो. पूर्ण टेकडी दिसली की बाहेरच्या कडेवरूनच पोरं ओळखतात, आकड्यांकडे बघतसुद्धा नाहीत. खऱ्या नकाशात अख्खी टेकडी क्वचितच एकटी सापडते. म्हणून नकाशे कापा. फक्त वाकण दिसेल असे चौकोनी तुकडे करा, वाटेल तसे फिरवा आणि मातीच्या टेकडीवर त्यांची जागा शोधायला सांगा.

एक तुकडा घेऊ. तीन रेषा, तिन्हींची टोकं वरच्या दिशेला. खालून वर ३२०, ३४०, ३६० असे आकडे आहेत. मधली ३४० ची रेषा धरा. तिच्या वाकणाच्या पोटात, म्हणजे दोन हातांच्या मधल्या जागेत, ३२० ची रेषा आहे. पोटातली जमीन खालची, म्हणून ही दरी. आता रेषा त्याच ठेवा आणि आकडे उलटे लिहा, खालून वर ३६०, ३४०, ३२०. पोटात ३६० आली, म्हणजे ती सोंड झाली. रेघ एक मिलिमीटरही हलली नाही. ‘टोक चढाकडे की उताराकडे’ हा नियमही बरोबरच आहे, पण मला पोटातला आकडा बघणं जास्त पसंत आहे.

लोणारच्या सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवरालाही हेच लागू आहे. कडी टेकडीसारखीच दिसतात, फक्त आकडे आत कमी होत जातात. खिंडीचं वेगळं शिकवायला नको, दोन टेकड्यांच्या गोल कड्यांमधली जागा एकदा दाखवली की पोरं विसरत नाहीत.

खऱ्या नकाशात दर पाचवी रेषा जाड असते आणि आकडे बहुधा तिच्यावरच असतात, म्हणून आधी जाड रेषा शोधावी. रेषा तपकिरी, बारमाही पाणी निळं, कोरडे नाले काळे. वाकणांच्या टोकांतून नाल्याची रेघ जात असेल तर निकाल तिथंच लागतो. काळी-पांढरी झेरॉक्स वाटणाऱ्यांनी ही खूणच पुसून टाकलेली असते.

तुकड्यांत एक तरी बिनआकड्याचा, बिननाल्याचा ठेवा. त्यावर ‘सांगता येत नाही’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या, आणि ठासून दरी लिहिणाऱ्याला शून्य, मग त्याचा अंदाज खरा निघाला तरी.